जेवून दोन तासांनी पुन्हा भूक का लागते?



गेल्या वर्षी पालकसभा संपल्यावर एक आई आम्हा शिक्षिकांपाशी थांबल्या. मुलगी अकरावीत. तक्रार अभ्यासाची नव्हती. त्या म्हणाल्या, "पोटभर जेवते आणि दोन तासांत पुन्हा डबे उघडते. त्यातही गोडच हवं असतं. मागच्या आठवड्यात देवापुढचे पेढे गायब झाले. शेवटी मी लाडवांच्या डब्याला कुलूप लावलं. घरात सगळे तिला खादाड म्हणतात, आणि ती रडते." पुढे पाळी वेळेवर येत नाही म्हणून त्या मुलीला डॉक्टरांकडे नेले. तपासण्या झाल्या आणि पीसीओएस हे निदान निघाले. त्यानंतर त्या आईंनी आम्हाला एकच प्रश्न विचारला : "बाई, या आजारामुळे भूक लागते, की एवढं खाल्ल्यामुळे आजार झाला?"

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. विज्ञान शिकवणाऱ्या आम्ही दोघी-तिघी मग वाचायला बसलो, ओळखीच्या डॉक्टरांशी बोललो. जे समजले ते इथे मांडत आहोत. मुलांनीही पान उलटू नये. ज्या घरात बहीण आहे, तिथे हे कळणे उपयोगाचे आहे.

सुरुवात रक्तातल्या साखरेपासून करू. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी ग्लुकोज असते जेमतेम चार ते पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. वर्गात हे सांगितले की मुलांचा विश्वास बसत नाही. पण हिशेब सोपा आहे. अंगात साधारण पाच लिटर रक्त, आणि दर लिटरला ग्लुकोज एका ग्रॅमच्या आसपास. आता सकाळी एक बशी पोहे खाल्ले आणि दोन चमचे साखर घातलेला चहा प्यायला, तर पोटात पन्नास-पंचावन्न ग्रॅम पिष्ट आणि साखर गेली. पचून ती रक्तात उतरते ती दहा-अकरा चमचे ग्लुकोज होऊन. जिथे एक चमचा असायला हवा तिथे इतके येऊन उभे राहते. ते दोन-तीन तासांत कुठेतरी हलवावे लागते, आणि हलवण्याचा हुकूम देणारे संप्रेरक म्हणजे स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन.

यातले पुष्कळसे ग्लुकोज स्नायूंच्या पेशींत जाते. पेशीच्या पृष्ठभागावर इन्सुलिन येऊन बसते, आत निरोप पोचतो, आणि आतल्या पिशव्यांमध्ये ठेवलेली ग्लुकोजची दारे वर येऊन पृष्ठभागावर बसतात. इन्सुलिन स्वतः दार उघडत नाही, ते फक्त कडी वाजवते. दार उघडण्याचे काम आतल्यांचे असते.

आता आपल्या वडोदऱ्याच्या जुन्या पोळातले एक घर डोळ्यांसमोर आणा. आतल्या आजीबाईंना ऐकू कमी येते. दूधवाला एकदा कडी वाजवतो, दार उघडत नाही. मग तो जोरात वाजवतो, हाका मारतो, शेवटी सगळा पोळ दणाणून सोडतो. आजीबाई दार उघडतात, दूध आत जाते, काम होते. पण शेजारच्या घरांतल्या माणसांचे कान शाबूत आहेत. त्यांची झोपमोड होते आणि ती चिडून बाहेर येतात. इन्सुलिनरोध म्हणतात तो हाच प्रकार. स्नायूंना इन्सुलिन कमी ऐकू येते, म्हणून स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडते. त्यामुळे रक्तातली साखर वर्षानुवर्षे नॉर्मलच राहते आणि रिपोर्ट पाहून सगळे निश्चिंत होतात. पण आरडाओरडा चालूच असतो, आणि ज्या अवयवांना नीट ऐकू येते त्यांना तो सोसावा लागतो.

पीसीओएसमध्ये त्या शेजाऱ्यांपैकी मुख्य म्हणजे बीजांडकोष. स्नायू बहिरे झाले तरी बीजांडकोषाची संप्रेरके तयार करणारी बाजू इन्सुलिनला चांगली दाद देत राहते. जादा इन्सुलिनच्या धक्क्याने ती टेस्टोस्टेरोनसारखी पुरुषी संप्रेरके जास्त बनवते. दुसरा शेजारी यकृत. रक्तातल्या टेस्टोस्टेरोनला बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृत तयार करते, आणि इन्सुलिन वाढले की ते कमी तयार होते. म्हणजे टेस्टोस्टेरोन बनतेही जास्त आणि मोकाट फिरतेही जास्त. त्यातून पाळी लांबणे, हनुवटीवर राठ केस, न जाणारी मुरुमे. तिसरा शेजारी त्वचा. मानेमागे, काखेत कातडी काळसर, जाड, मखमलीसारखी होते. इथे आयांना एक विनंती आहे. मुलीची मान काळी दिसली म्हणून ती घासणीने घासू नका. तो मळ नाही. जादा इन्सुलिनने तिथल्या पेशींची वाढ जोरात केलेली असते, आणि बहुतेक वेळा घरबसल्या दिसणारी इन्सुलिनरोधाची ही पहिली खूण असते.

हे सगळे जोडायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची नोंद केली. पाळी चुकलेली आणि बीजांडकोष मोठे, लहान लहान पुटकुळ्यांनी भरलेले. म्हणून नाव बीजांडकोषाचे पडले, आणि पुढची पंचेचाळीस वर्षे सगळ्यांची नजर तिथेच राहिली. या स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिनही जास्त आहे हे १९८० मध्ये दिसून आले. नावावरून आजार ओळखायला जाऊ नये ते यासाठी. ज्यांना पुटकुळ्या म्हणतात त्या खरे तर अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपिशव्या असतात.

"पण माझी मुलगी तर काडीसारखी आहे, तिला कसला इन्सुलिनरोध?" असे काही आया विचारतात. याचे उत्तर शोधायला शिकागोला जायची गरज नाही, पुण्याला गेले तरी पुरते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. बाळे सगळीकडून बारीक असतील असे वाटेल. पण मोजल्यावर दिसले की स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरले होते, आणि त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी राखली गेली होती. बाळ बारीक, पण प्रमाणाने चरबी जास्त. २००४ मध्ये डॉ. याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के आणि सहकाऱ्याची ९.१ टक्के. वजनकाट्यावर उभे राहून हे कधीच कळले नसते.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा, की ग्लुकोज साठवायची सर्वांत मोठी कोठी म्हणजे स्नायू. कोठीच लहान असेल तर तेवढ्याच पोह्यांना जास्त इन्सुलिन लागते. त्यात पीसीओएसमध्ये वजनाशी संबंध नसलेला इन्सुलिनरोधही असतो, पेशीच्या आतला निरोपच अर्धवट पोचतो. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये काटेकोर मोजमाप करून झालेल्या एका अभ्यासात पीसीओएस असलेल्या सडपातळ स्त्रियांपैकी तीन चतुर्थांश इन्सुलिनला नीट दाद देत नव्हत्या. अर्थात सगळ्या नव्हे. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बायोकेमिस्ट्री विभागातून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातही अशा स्त्रियांच्या बीजांडकोषातल्या पेशींचे इन्सुलिनरोध असलेल्या आणि नसलेल्या असे दोन गट वेगळे अभ्यासले आहेत. म्हणजे एकाच निदानाच्या दोन मुलींची भूक सारखी असेलच असे नाही.

आता भुकेकडे येऊ. त्या मुलीच्या आईंनी आमच्या सांगण्यावरून आठवडाभर एक वही ठेवली : काय खाल्ले, किती वाजता, आणि पुन्हा भूक कधी लागली. त्यातला एक सोमवार घेऊ. खाण्याच्या वेळा वहीतल्या आहेत. साखरेचे आकडे तिच्या रक्ताचे नाहीत. अशा वेळी साधारण काय होते ते समजावे म्हणून आम्ही धरलेले आहेत.

सकाळी सातला गोड चहा, दोन खारी आणि बशीभर पोहे. उपाशीपोटी साखर ८८ धरू. पोहे पातळ, मऊ, लवकर पचणारे. त्यांत शेंगदाणे नव्हते, कारण धाकट्याला आवडत नाहीत. साडेसात-आठपर्यंत साखर १६० च्या घरात. निरोगी मैत्रिणीची तेवढ्याच न्याहारीने १३० पर्यंत गेली असती. मैत्रिणीच्या बाबतीत इन्सुलिन लगेच येते, काम होते, ओसरते. हिच्या बाबतीत सुरुवातीचे इन्सुलिन स्नायू मनावर घेत नाहीत, साखर चढतच राहते, आणि ते पाहून स्वादुपिंड आणखी सोडत राहते. नऊच्या सुमारास पोह्यांची साखर येणे बंद होते, पण इन्सुलिन अजून भरपूर असते. दूध संपले तरी दूधवाला कडी वाजवतोच आहे. नऊला साखर ९५ असेल, दहाला ६८. वहीत त्या दिवशी दहाच्या पुढे आईने लिहिले आहे : "मधल्या सुट्टीआधीच डबा खाल्ला, हात थरथरत होते म्हणाली, मैत्रिणीकडून चॉकलेट घेतलं."

थरथरणाऱ्या हातांना कारण आहे. मेंदूचे काम मुख्यतः ग्लुकोजवर चालते आणि त्याच्याकडे साठा नसतो. साखर घसरते आहे हे कळताच तो ॲड्रेनॅलिन सोडायला लावतो. छाती धडधडते, घाम येतो, चिडचिड होते, आणि भूक लागते ती सावकाश नव्हे, एकदम. अशा वेळी कोणाला काकडी आठवत नाही. साखर सर्वांत लवकर वर आणणारी वस्तू हवी असते आणि ती कोणती हे मेंदू अनुभवाने शिकलेला असतो. चॉकलेट खाल्ले की दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटते, आणि पुढच्या वेळी मेंदू तेच मागतो. पेढ्यांची चोरी म्हणतो ती बहुधा अशा घसरणीच्या वेळची असते. मात्र चॉकलेटच्या साखरेमागे पुन्हा जादा इन्सुलिन येते आणि साडेबाराला दुसरी घसरण. वहीत सव्वाबाराला "डोकं दुखतंय, काहीतरी गोड दे" अशी नोंद आहेच.

साखर ७० च्या खाली गेलीच पाहिजे असे नाही. ब्रिटन आणि अमेरिकेत हजाराहून अधिक लोकांच्या दंडावर साखर मोजणारे यंत्र लावून केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. खाण्यानंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर खाण्याआधीच्या पातळीपेक्षा खाली उतरत असे, त्यांना भूक जास्त लागे, ते सरासरी अर्धा तास आधी पुन्हा खात, आणि दिवसभरात सुमारे ३०० कॅलरी जास्त खात. म्हणजे मोठे दोन बेसन लाडू. ही साधी माणसे होती, पीसीओएसची नव्हेत. जिच्यात इन्सुलिनच जास्त, तिच्यात ही घसरण वारंवार होण्याची शक्यता अधिक.

याशिवाय आणखी दोन गोष्टी भुकेत भर घालतात. इन्सुलिनचे एक काम चरबी साठवलेल्या जागी बांधून ठेवण्याचे आहे, आणि या कामाला थोडेसे इन्सुलिनही पुरते. ते सतत जास्त राहिले की रक्तातली साखर संपत आली तरी चरबीची कोठी सहज उघडत नाही. घरात धान्य आहे, पण किल्ली सापडत नाही आणि चूल पेटलेली आहे, अशी अवस्था. दुसरी गोष्ट तृप्तीची. जेवण आतड्यात उतरले की तिथून 'पुरे' असा निरोप देणारी संप्रेरके निघतात, आणि जठरातून निघणारे भुकेचे संप्रेरक घ्रेलिन खाली जाते. स्वीडनमध्ये २००४ मध्ये दिसले की पीसीओएस असलेल्या स्त्रियांत जेवणानंतर 'पुरे'चा एक निरोप कमी पडतो. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात दिसले की जेवणानंतर घ्रेलिनही नीट खाली जात नाही. अभ्यास लहान आहेत आणि पुढच्या सगळ्या अभ्यासांत तंतोतंत तेच आले असे नाही. पण मुलगी "माझं पोट भरलंच नाही" म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नाही, एवढे मानायला ते पुरेसे आहेत.

इथे आम्ही स्वतः अडखळलो होतो. पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते की इन्सुलिन मेंदूत भूक कमी करते. मग जास्त इन्सुलिन म्हणजे कमी भूक असायला हवी! डॉक्टरांनी समजावले की ते खरेच आहे, पण मेंदूही बहिरा होऊ शकतो. सतत कडी वाजत राहिली की तो तिकडे लक्ष देईनासा होतो, आणि तृप्तीचा निरोप वाया जातो. भुकेला इन्सुलिन स्वतः कारण नाही. त्यामागून येणारी घसरण, बांधलेली चरबी आणि न पोचलेला निरोप ही कारणे आहेत.

त्या आईंच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. आजाराने भूक लागते, हे खरे. भुकेपोटी गोड खाल्ले की इन्सुलिन पुन्हा चढते आणि पोटावरची चरबी वाढली की इन्सुलिनरोध वाढतो, हेही खरे. हे चक्र आहे. पण चक्राची सुरुवात बहुतेक वेळा मुलीच्या हातची नसते. जन्माआधीचे पोषण आणि घराण्यातला मधुमेह यांचा त्यात वाटा असतो. खादाडपणा हा शब्द तिथे बसत नाही.

मात्र प्रत्येक भूक पीसीओएसची नसते, हे तितक्याच ठळकपणे सांगायला हवे. वाढीच्या वयात, परीक्षेच्या जागरणात, सकाळी उपाशी शाळेत आल्यावर भूक लागतेच. झोप कमी झाली तरी घ्रेलिन वाढते. थकवा आणि धाप असेल तर आधी हिमोग्लोबिन पाहावे. आणि भुकेबरोबर सारखी तहान, सारखी लघवी आणि वजन उतरणे दिसले तर तो मधुमेह असू शकतो. तेव्हा उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पाळीचेही तसेच. पहिल्या वर्षी ती अनियमित असणे स्वाभाविक आहे. पहिल्या ते तिसऱ्या वर्षात दोन पाळ्यांमधले अंतर २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त असेल, तिसऱ्या वर्षानंतर ३५ पेक्षा जास्त असेल, किंवा पहिल्या वर्षानंतर एकदाही ९० दिवसांहून अधिक खंड पडला, तर दाखवावे. सोनोग्राफीची घाई करू नये. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या बीजांडकोषांतही अशा पुटकुळ्या पुष्कळ असतात. किशोरवयात अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरकांची लक्षणे अशा दोन्ही गोष्टी हव्यात. रक्तातले इन्सुलिन मोजून घ्यायचा आग्रहही त्या धरत नाहीत, मोजमाप भरवशाचे नाही म्हणून. उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर पाहणे अधिक उपयोगाचे. जगात प्रजननक्षम वयातल्या दर शंभर स्त्रियांमागे १० ते १३ जणींना हा आजार असावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांतल्या बहुतेकींना तो माहीत नसतो. तेव्हा शाळेत दहा-बारा मुलींच्या टोळक्यात एखादी असू शकते.

त्या घरी पुढे काय केले ते सांगतो. पहिले काम कुलूप काढणे. घरात तंटा झाला, आजी म्हणाल्या की आता तर ती सगळेच संपवेल. पण कुलूपबंद लाडू हा दिवसभर डोक्यात राहतो. कडक पथ्याने दिवस काढायचा आणि रात्री एकदम भरमसाट खायचे, हा प्रकार पीसीओएसच्या मुलींत इतरांपेक्षा जास्त दिसतो. म्हणून लाडू ठेवला, फक्त त्याची वेळ बदलली. मधल्या वेळी एकटा नव्हे, जेवणाच्या शेवटी, भाजी-आमटीनंतर. रिकाम्या पोटी गेलेला लाडू आणि वरण, भाजी, दही यांच्यावर गेलेला लाडू यांत फरक पडतो, कारण प्रथिने, तूप-तेल आणि चोथा यांमुळे जठर सावकाश रिकामे होते. न्यूयॉर्कमध्ये २०१५ मध्ये मधुमेह असलेल्या ११ जणांना तेच जेवण वेगवेगळ्या क्रमाने दिले. भाजी आणि प्रथिने आधी आणि पाव, संत्र्याचा रस शेवटी, असे केल्यावर साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी चढले. अभ्यास लहान, पण पैसे पडत नाहीत.

न्याहारी बदलली, तीही सगळी नव्हे. पोहे राहिले, पण निम्मे. त्यात मूठभर शेंगदाणे आणि वाफवलेली मटकी, बाजूला वाटीभर दही. चहात साखर दोनाऐवजी पाऊण चमचा, खारी बंद. धाकट्याची समजूत वेगळी घालावी लागली. त्याच आठवड्याच्या वहीत पुढची भूक सव्वाअकराला आली आहे आणि "हात थरथरले नाहीत" असे मुलीने स्वतः लिहिले आहे. दुपारच्या जेवणानंतर वीस मिनिटे चालणे सुरू केले, सुटीच्या दिवशी सूरसागराभोवती. चालताना आकुंचन पावणारे स्नायू ग्लुकोजची दारे इन्सुलिनच्या निरोपाशिवाय वर आणतात. बहिऱ्या आजीबाईंच्या घराला मागचे दार आहे, ते असे उघडते. शिवाय व्यायामाने स्नायू वाढले की कोठीच मोठी होते.

आपल्या शहरात काही अडचणी खास आपल्या आहेत. गुळाची आमटी ही इथल्या पाण्यातच आहे, तिला काही म्हणायची आमची छाती नाही. पण उपासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि नवरात्रात नऊ दिवस तोच खाऊन रात्री गरबा खेळणाऱ्या मुली चक्कर येऊन बसतात ते आम्ही दर वर्षी पाहतो. गरबा उत्तमच, स्नायूंना त्याच्याइतके काम कोण देणार! उपास करायचाच तर साबुदाण्यात दाण्याचे कूट सढळ घालावे, सोबत दही-ताक घ्यावे, राजगिरा आणि वरी यांनाही जागा द्यावी. मध्यरात्री मैदानाबाहेरची शीतपेये टाळावीत. त्यांतली साखर आवरायला सोबत चोथा नसतो, काहीच नसते.

औषधांविषयी एवढेच, की मेटफॉर्मिन इन्सुलिनरोधावर काम करते आणि काही मुलींना डॉक्टर ते देतात. पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या वेगळ्या, त्या भुकेवर उपाय नाहीत. शेजारणीच्या मुलीला लागू पडले म्हणून कोणतेही औषध सुरू करू नये. एकच एक आहार सर्वांत चांगला असेही २०२३ च्या सूचना म्हणत नाहीत. तेव्हा दोन महिन्यांत बारा किलो कमी करून देतो असे कोणी सांगितले तर पाकीट खिशातच राहू द्यावे. वजन जास्त असेल त्यांचे पाच-दहा टक्के उतरले तरी पाळीत फरक दिसू शकतो. वजन मुळातच जास्त नसेल तिने ते उतरवायच्या मागे लागू नये.

त्या मुलीचे वजन सहा महिन्यांत दोनच किलो उतरले. आजींना ते पुरेसे वाटले नाही. पण पाळी तीन वेळा लागोपाठ आली, मानेचा काळेपणा किंचित फिका झाला, आणि वहीतल्या "गोड दे" च्या नोंदी आठवड्यात अकरावरून चारवर आल्या. चाराच्या शून्य होतील असे डॉक्टरांनी कधी सांगितलेच नव्हते. परीक्षेच्या आठवड्यात झोप कमी पडली तेव्हा त्या पुन्हा सात झाल्या.

विश्वस्तांपुढे आम्ही एक मागणी ठेवली आहे. सकाळच्या शाळेत पहिली सुट्टी साडेदहाला असते. साडेसहाला न्याहारी करून निघालेल्या मुलीला ती चार तासांनी मिळते. तिसऱ्या तासानंतर पाच मिनिटे वर्गातच डबा उघडू द्यावा, आणि उपाहारगृहात बिस्किटांच्या पुड्यांशेजारी भाजलेले चणे, शेंगदाणे आणि ताक ठेवावे. चणे-शेंगदाण्यांचे भाव आम्ही मंडईत विचारून आलो आहोत, कागद कार्यालयात दिला आहे.